आवाजाचा सांधा, चित्राचा सांधा

14 मार्च 1931 रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला आणि हिंदुस्थानातला चित्रपट बोलू लागला. ही तारीख पुष्कळांना पाठ असते. त्या बोलण्यामागची एक गंमत मात्र फारशी सांगितली जात नाही. तो चित्रपट ज्या जातीच्या यंत्रावर टिपला गेला, त्या यंत्रातून निघालेल्या फिल्मला मध्येच कात्री लावली, की पडद्यावर माणूस बदलायचा, पण आधीच्या माणसाचा आवाज पाऊण सेकंदाहून जास्त वेळ तसाच रेंगाळायचा. कुणी मुद्दाम करत नव्हतं. यंत्राची रचनाच तशी होती. आज जगभरातले संकलक हीच गोष्ट ठरवून, मोजून-मापून करतात. तिच्या एका दिशेला एल-कट म्हणतात, दुसऱ्या दिशेला जे-कट. आपण रोज पाहतो त्या मालिका, चित्रपट आणि मुलाखती यांच्यातलं बोलणं ‘खरं’ वाटतं, ते बऱ्याच अंशी या दोन कटांमुळे.

आधी त्या यंत्राकडे बघू. अर्देशिर इराणी यांच्या इम्पीरियल फिल्म कंपनीने ‘आलम आरा’ केनेडी ब्रिजजवळच्या ज्योती स्टुडिओत चित्रित केला. स्टुडिओला लागूनच रेल्वेचे रूळ. दिवसभर गाड्यांचा खडखडाट, म्हणून बरंचसं चित्रीकरण गाड्या बंद असताना, रात्री एक ते चारच्या दरम्यान उरकावं लागे. मायक्रोफोन कॅमेऱ्याला दिसणार नाहीत अशा जागी लपवलेले असत. आणि यंत्र होतं ‘टॅनार’ नावाचं, ज्यात चित्र आणि आवाज एकाच फिल्मच्या पट्टीवर, एकाच वेळी उमटत.

एकाच पट्टीवर म्हटलं की वाटतं, चित्राच्या शेजारीच त्याचा आवाज असणार. तसं नसतं. प्रोजेक्टरमध्ये चित्र सरकत नाही, थांबत थांबत चालतं. सेकंदाला 24 वेळा एकेक फ्रेम दिव्यासमोर येऊन क्षणभर स्थिर उभी राहते आणि मग पुढची येते. ती थांबली नाही तर पडद्यावर नुसता धूसर पट्टा दिसेल. आवाजाचं नेमकं उलटं आहे. फिल्म थांबली की आवाज तुटतो, त्याला संथ, अखंड गती लागते. त्यामुळे आवाज वाचणारा भाग चित्राच्या झरोक्याजवळ ठेवता येत नाही. तो खाली, फिल्मची हिसकेबाज चाल शांत झाल्यावर येतो. 35 मिलिमीटरच्या फिल्मवर हे अंतर साधारण वीस फ्रेमचं. एका फुटात सोळा फ्रेम मावतात, म्हणजे सव्वा फूट. जो चेहरा आत्ता दिव्यासमोर आहे, त्याच्या तोंडचा शब्द पट्टीवर सव्वा फूट पुढे छापलेला असतो.

आता अशा पट्टीला कात्री लावा. नायकाचा शॉट संपवून नायिकेचा शॉट जोडला. नायिकेची पहिली फ्रेम दिव्यासमोर आली, त्या क्षणी खालच्या आवाज-वाचकासमोर काय आहे? अजून नायकाच्याच पट्टीचं शेपूट आहे. म्हणून नायिका दिसते आणि नायक ऐकू येतो. वीस फ्रेम, म्हणजे सेकंदाचे जवळजवळ पाच-षष्ठांश. शिवाय नायिकेने शॉट सुरू होताच तोंड उघडलं असेल, तर तिच्या पहिल्या वीस फ्रेमचा आवाज कापून टाकलेल्या तुकड्यावर गेलेला असतो. शब्द सुरुवातीलाच तुटतो. यावर साधा उपाय म्हणजे नटांनी वाक्याआधी आणि वाक्यानंतर सेकंदभर गप्प राहायचं, आणि कात्री त्या शांततेत चालवायची. दुसरा उपाय म्हणजे शक्यतो कापायचंच नाही, शॉट लांब ठेवायचा. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उरलेली नाही, त्यामुळे त्यातले सांधे कसे होते हे तपासून बघता येत नाही. पण सुरुवातीच्या बोलपटांत माणसं आळीपाळीने, वाक्यावाक्याला थांबून बोलल्यासारखी का वाटतात, याचं एक कारण या सव्वा फुटात आहे.

हा पेच सुटला तो चित्र आणि आवाज दोन वेगळ्या पट्ट्यांवर घेऊ लागल्यावर. क्लॅपरबोर्डच्या ‘टक्’वर दोन्ही पट्ट्या जुळवायच्या, संकलनाच्या टेबलावर शेजारी-शेजारी चालवायच्या आणि दोन्हींना स्वतंत्र कात्री लावायची. वीस फ्रेमची सक्ती गेली आणि तिच्या जागी निवड आली. आवाजाचा सांधा चित्राच्या सांध्यापासून कितीही लांब आणि कुठल्याही बाजूला सरकवता येऊ लागला. मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागल्यावर दोनच महिन्यांनी, मे 1931 मध्ये, बर्लिनमध्ये फ्रिट्झ लांगचा ‘एम’ प्रदर्शित झाला. त्यात एक आई घरी न आलेल्या मुलीला हाका मारते. आई पडद्यावरून जाते, पण हाक जात नाही. ती रिकाम्या जिन्यावर ऐकू येते, कपडे वाळत घातलेल्या माळ्यावर ऐकू येते, जेवणाच्या टेबलावरच्या रिकाम्या जागेवर ऐकू येते. मुलीचं काय झालं हे कुणी सांगत नाही. आवाज आणि चित्र यांची फारकत झाली, एवढ्यानेच प्रेक्षक ते समजतो.

नावांचा उलगडा सोपा आहे. संगणकाच्या टाइमलाइनवर चित्राची पट्टी वर असते आणि आवाजाची खाली. पुढच्या शॉटचा आवाज त्याच्या चित्राच्या आधी सुरू झाला, तर खालची पट्टी डावीकडे बाहेर येते आणि त्या शॉटचा आकार इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा दिसतो. आधीच्या शॉटचा आवाज त्याचं चित्र गेल्यावरही चालू राहिला, तर खालची पट्टी उजवीकडे लांबते आणि ‘एल’ होतो. जे-कटमध्ये आवाज पुढे धावतो, एल-कटमध्ये मागे रेंगाळतो. मुंबईतल्या एडिट रूममध्ये दोन्हींना सरसकट ‘ओव्हरलॅप’ म्हटलेलंही ऐकू येतं.

खरं आश्चर्य पुढेच आहे. एका माणसाच्या चेहऱ्यावर दुसऱ्याचा आवाज, ही तशी विपरीत गोष्ट. मग ती खटकण्याऐवजी अधिक नैसर्गिक का वाटते? कारण आपण खोलीत बसून गप्पा ऐकतो तेव्हा अगदी असंच घडतं. उजवीकडचा माणूस बोलू लागतो तेव्हा आपली नजर डावीकडच्यावर असते. आधी कानाला कळतं, मग मान वळते. कानाला कळल्यापासून डोळा हलेपर्यंत साधारण सेकंदाचा पाचवा भाग जातो, म्हणजे चित्रपटाच्या हिशेबात जेमतेम पाच फ्रेम. चित्र आणि आवाज नेमके एकाच फ्रेमवर बदलले, तर कॅमेऱ्याला आधीच माहीत होतं की आता हा बोलणार आहे, असा वास त्या कटला येतो. आवाज पाच-सहा फ्रेम आधी आला, की कॅमेरा ऐकून वळल्यासारखा वाटतो.

बोलण्याचा वेगही हेच सांगतो. 2009 साली दहा भाषांतल्या संभाषणांची तुलना करणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मराठी नव्हती, पण जपानीपासून डॅनिशपर्यंत बऱ्याच लांबलांबच्या भाषा होत्या. हो-नाही प्रकारच्या प्रश्नाला उत्तर यायला सरासरी सुमारे 200 मिलिसेकंद लागतात, असं त्यात दिसलं. म्हणजे पुन्हा पाच फ्रेम. एवढ्या वेळात एक शब्दसुद्धा मनात जुळवून तोंडावाटे काढता येत नाही. त्याला याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. याचा अर्थ ऐकणारा समोरच्याचं वाक्य संपण्याआधीच आपलं उत्तर तयार करू लागलेला असतो. संभाषणातली महत्त्वाची घटना बोलणाऱ्याच्या ओठांवर घडत नाही, ती ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आणि वाक्य चालू असतानाच घडते. कॅमेरा वाक्य संपेपर्यंत बोलणाऱ्यावरच राहिला, तर ती घटना हुकते.

एक प्रसंग घेऊन बघू. लालबागच्या एका चाळीतली खोली. संध्याकाळ. आई ओट्याशी भाकऱ्या थापतेय, मुलगा कामावरून येऊन दारात उभा आहे. संवाद एवढाच:

मुलगा म्हणतो, “आई, आज सही करून आलो.”

आई विचारते, “कसली सही?”

मुलगा सांगतो, “बिल्डरच्या कागदावर. सगळ्या मजल्यानं केली, आपलीच राहिली होती.”

आई दोन सेकंद गप्प. मग म्हणते, “मीठ संपलंय. येताना आणायचं होतंस.”

दोन क्लोज-अप आहेत, एक आईचा आणि एक मुलाचा, आणि दोघांनीही सगळा संवाद दोन्ही वेळा पूर्ण बोललेला आहे. पहिली पायरी म्हणजे सरळ कट. जो बोलेल तो दिसेल. हे आधी केलंच पाहिजे, कारण या टप्प्यावर फक्त ऐकायचं असतं. डोळे मिटून. आईच्या “कसली सही?” आधी किती थांबायचं, दोन सेकंदांची शांतता दोनच हवी की अडीच, हे कानाने ठरवायचं. आवाजाची पट्टी एकदा जमली की तिला पुन्हा हात लावायचा नाही.

दुसरी पायरी म्हणजे फक्त चित्राचा सांधा सरकवणं. सॉफ्टवेअरमध्ये चित्र आणि आवाज यांची गाठ तात्पुरती सोडायची आणि रोल ट्रिमच्या हत्याराने वरच्या पट्टीवरचा कट उजवीकडे किंवा डावीकडे ओढायचा. उजवीकडे ओढला तर आधीचं चित्र तेवढं लांबतं आणि पुढचं तेवढंच उशिरा सुरू होतं, म्हणजे जे-कट. डावीकडे ओढला तर एल-कट. एका शॉटचं जितकं वाढतं तितकंच दुसऱ्याचं घटतं, एकूण लांबी तीच राहते, त्यामुळे ओठ आणि शब्द यांचा मेळ बिघडत नाही. फिल्मच्या काळात हाच नियम टेबलावर हाताने पाळावा लागे. आठ फ्रेम सरकवायच्या म्हणजे अर्धा फूट फिल्म इकडून काढून तिकडे जोडायची.

आता “कसली सही?” घ्या. चित्राचा कट आठ फ्रेम उजवीकडे नेला. “कसली” हा शब्द मुलाच्या चेहऱ्यावर पडतो आणि “सही”ला आई दिसते. एका सेकंदाचा तिसरा भाग. पण तेवढ्यात आपल्याला दिसतं की प्रश्न ऐकून मुलाने नजर खाली केली. तो आधीच अपराधी आहे, हे एकही शब्द न वाढवता कळलं.

यापुढे दोन वाटा फुटतात.

पहिल्या वाटेने मुलाचं “बिल्डरच्या कागदावर” मुलावरच ठेवलं आणि ते शब्द संपताच चित्र आईवर नेलं. “सगळ्या मजल्यानं केली, आपलीच राहिली होती” हे अडीच-तीन सेकंदांचं वाक्य आता आईच्या चेहऱ्यावर रेंगाळतं. हा एल-कट. तिचे हात थांबतात, मग पुन्हा थापू लागतात. पुढची दोन सेकंदांची शांतताही तिचीच, आणि “मीठ संपलंय” हे तिच्याच तोंडून, तिच्याच ओठांवर. आपण पाहतो की तिने ते ऐकलं, गिळलं आणि विषय बदलला.

दुसऱ्या वाटेने उलटं केलं. “बिल्डरच्या कागदावर” हे शब्द आले तरी कॅमेरा आईवरच. ते संपल्यावर, “सगळ्या मजल्यानं”ला मुलगा दिसतो. हा साधारण सव्वा सेकंदाचा लांब जे-कट. बातमी आईवर आदळली, आणि मुलगा मात्र स्वतःचं समर्थन करताना दिसला. मग दोन्ही सेकंदांची शांतता मुलावर. तो वाट बघतोय, आता आई ओरडणार, रडणार, वडिलांचं नाव काढणार. आणि त्याच्याच चेहऱ्यावर आवाज येतो, “मीठ संपलंय.” त्यानंतरच आई दिसते.

दोन्ही वाटांना शब्द तेच, विराम तेच, आवाजाची पट्टी फ्रेमभरही बदललेली नाही. पण पहिल्या वाटेचा प्रसंग खोली गमावणाऱ्या आईचा आहे आणि दुसऱ्या वाटेचा, शिक्षा न मिळालेल्या मुलाचा. जे-कट आणि एल-कट यांचं मुख्य काम हे आहे. कोण बोलतंय हे आवाजाने आधीच सांगितलेलं असतं. त्यामुळे चित्र मोकळं होतं, आणि ते बोलणं कोणावर घडतंय हे दाखवायला वापरता येतं. कट गुळगुळीत होतो हा त्याचा दुय्यम फायदा.

तो दुय्यम फायदाही समजून घेण्यासारखा आहे. गवंडी वीटकाम करताना वरच्या थराचा उभा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर येऊ देत नाही. सगळे सांधे एका रेषेत आले तर भिंत त्याच रेषेत फाटते. चित्र आणि आवाज एकाच फ्रेमवर बदलले तर प्रेक्षकाला तिथे एक सरळ भेग दिसते. सांधे पुढे-मागे केले, की चित्र बदलताना आवाज त्याला धरून ठेवतो आणि आवाज बदलताना चित्र. पण यात एक अट आहे. प्रत्येक थराचा आपापला सांधा नीट असला पाहिजे. नवशिक्यांची फजिती बहुतेक इथेच होते.

लालबागच्या त्याच खोलीत परत जाऊ. मुलाचा क्लोज-अप दुपारी घेतला तेव्हा छताचा पंखा चालू होता आणि खाली रस्त्यावर बस अडकली होती. आईचा क्लोज-अप संध्याकाळी घेतला तेव्हा पंखा बंद, पण दूर कुठेतरी ढोल-ताशाचा सराव सुरू. सरळ कटमध्ये हा फरक फारसा जाणवत नाही. चित्र बदललं, जागा बदलली, आवाजही थोडा बदलला, मन ते सोडून देतं. जे-कट केला की मात्र चित्र तेच राहतं आणि त्या अचल चित्राखाली पंखा अचानक बंद होतो, ढोल अचानक सुरू होतो. झाकणारं काहीच नाही. म्हणजे सांधा लपवायला केलेला कट आवाजाचा सांधा उघडा पाडतो.

म्हणून ध्वनिमुद्रक चित्रीकरण संपल्यावर सगळ्यांना अर्धा-एक मिनिट निःशब्द उभं करतो आणि त्या खोलीची नुसती शांतता टिपून घेतो. तिला रूम टोन म्हणतात. शांतता सगळीकडे सारखी नसते. लालबागच्या खोलीची वेगळी, गिरगावातल्या वाडीची वेगळी, आणि पत्र्याच्या छपराखालची तर फारच वेगळी. हा रूम टोन दोन्ही क्लोज-अपखाली अखंड पसरला, की वरचे फरक बुजतात. शिवाय संवाद एकाच ट्रॅकवर सलग ठेवत नाहीत. मुलगा एका ट्रॅकवर, आई दुसऱ्यावर, आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना थोडा जास्तीचा आवाज राखून ठेवतात. मग एकाचा आवाज हळू विरताना दुसऱ्याचा हळू वर येतो. याला मिक्सिंग टेबलावर शेवटचा हात मिळतो. परळमध्ये व्ही. शांताराम यांनी 1942 साली उभारलेल्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई जे काम करत, त्यातला एक भाग हाच होता. वेगवेगळ्या पट्ट्यांवरचे आवाज एकत्र आणून त्यांचे सांधे कानाला लागणार नाहीत असे मिसळायचे. संकलक कट कुठे ते ठरवतो, पण तो ऐकू येतो की नाही, हे मिक्सिंगमध्ये ठरतं.

दुसरी अडचण चित्रीकरणाच्या वेळीच पेरली जाते. दोन नट उत्साहाने एकमेकांचं वाक्य तोडत बोलले, तर आईच्या मायक्रोफोनमध्ये मुलाचं शेवटचं अक्षर घुसतं, तेही लांबून आल्यासारखं. मग ते दोन आवाज वेगळे करता येत नाहीत आणि सांधा हलवायला जागाच उरत नाही. म्हणून जाणता दिग्दर्शक क्लोज-अपमध्ये नटांना सांगतो, समोरच्याचं वाक्य पूर्ण संपू दे, मग बोल. पडद्यावर दिसणारं भांडण, एकमेकांच्या तोंडातून शब्द ओढून घेणं, हे पुष्कळदा सेटवर घडलेलं नसतं. ते टेबलावर, सांधे एकमेकांवर चढवून तयार होतं.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीला या बाबतीत एक विचित्र सवलत बरीच वर्षं होती. कॅमेऱ्यांचा घरघराट आणि शहराचा गोंगाट यामुळे संवाद नंतर बंद खोलीत डब केले जात. प्रत्येकाचा आवाज वेगळा, स्वच्छ. हवा तेवढा सरकवा, कुणाच्या मायक्रोफोनमध्ये कुणी नाही. फक्त त्या आवाजाला खोली नसायची. चाळीतला जिना असो की राजवाडा, माणूस बोलायचा डबिंग थिएटरमधूनच. 2001 च्या ‘लगान’नंतर चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनिमुद्रण करण्याची पद्धत आपल्याकडे पुन्हा रुळू लागली, तशी खोली परत आली आणि तिच्याबरोबर रूम टोनची काळजीही.

आवाज एका प्रसंगातून दुसऱ्यात जाताना मात्र फ्रेम मोजून चालत नाही, तिथे सेकंद लागतात. आई रात्री दिवा मालवते. खोली अंधारात आहे आणि अगदी बारीक, लांबून माणसांची कालवाकालव ऐकू येऊ लागते. टोपल्या आपटल्याचे आवाज, भाव ओरडणं. दोन-अडीच सेकंदांत ते वाढत जातं आणि ऐन भरात आल्यावर चित्र बदलतं. पहाटेचा दादरचा फुलबाजार, आणि आई शेवंती निवडतेय. प्रेक्षकाने रात्र संपल्याचं आधी ऐकलं, मग पाहिलं. इथे आवाज एकदम पूर्ण जोरात आणला तर खोलीतच कुणी घुसल्यासारखं वाटेल. फार हळू ठेवला तर लोक आवाजाची चूक समजतील. हिचकॉकने 1935 च्या ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’मध्ये याची टोकाची आवृत्ती केली आहे. प्रेत पाहून बाई किंचाळायला तोंड उघडते आणि ऐकू येते ती आगगाडीची शिट्टी. पुढच्या क्षणी गाडी बोगद्यातून बाहेर येते.

कट चुकला हे ओळखायचं कसं? ओठ बघावेत. मराठीत प, ब, भ, म हे उच्चार ओठ मिटल्याशिवाय होत नाहीत. “बिल्डर”चा ब किंवा “मीठ”मधला म ज्या फ्रेमला ऐकू येतो, त्याच्या आधी ओठ मिटलेले दिसले पाहिजेत. गाठ सोडून सांधे सरकवताना आवाज चुकून दोन-तीन फ्रेम घसरला असेल, तर इथे तो लगेच पकडला जातो. स्वरांवर कळत नाही. दुसरी खूण म्हणजे जे-कटमध्ये जो अजून दिसतोय त्याचे ओठ हलत असतील आणि आवाज दुसऱ्याचा येत असेल, तर प्रेक्षक गोंधळतो. अशा वेळी कट तरी हलवावा किंवा त्याच माणसाचा गप्प असलेला दुसरा टेक शोधावा. तिसरी खूण कानाची आहे. प्रत्येक कटवर आवाज ठरावीक सहा फ्रेम आधी येऊ लागला, की चार-पाच कटांनंतर त्याचाही ठेका पडतो आणि तो सरळ कटाइतकाच यांत्रिक होतो.

आणि काही प्रसंगांत यातलं काहीच नको असतं. चैतन्य ताम्हाणे यांच्या 2014 च्या ‘कोर्ट’मध्ये मुंबईच्या न्यायालयातले प्रसंग लांबून, स्थिर कॅमेऱ्याने, बराच वेळ न कापता दाखवले आहेत. वकील बोलतोय, न्यायाधीश ऐकतायत, मागे बसलेले लोक कंटाळलेत, हे सगळं एकाच चौकटीत. कुणाकडे बघायचं ते प्रेक्षकाने ठरवायचं. तिथे एल-कट करून आरोपीचा चेहरा दाखवला असता, तर चित्रपटाने बाजू घेतली असती, आणि त्या चित्रपटाला नेमकं तेच करायचं नव्हतं. सरळ कटालाही स्वतःचं काम आहे. थप्पड, दार आपटणं, तोडून टाकणारा ‘नाही’, अशा जागी चित्र आणि आवाज एकदम बदलले तरच तो घाव बसतो.

हे सगळं करून बघायला आज स्टुडिओ लागत नाही. घरातल्या दोघांना एकाच खोलीत, पंखा बंद करून, वरचाच चार वाक्यांचा संवाद दोनदा बोलायला सांगा. एकदा फोन एकावर धरा, एकदा दुसऱ्यावर. शेवटी अर्धा मिनिट शांतता टिपा. मग आधी सरळ कट लावा, आवाज जमवा, आणि फक्त चित्राचे सांधे सरकवून दोन आवृत्त्या करा, एक आईची आणि एक मुलाची. दोन्ही एखाद्या तिसऱ्या माणसाला दाखवा आणि एवढंच विचारा, वाईट कुणाचं वाटलं? दोन आवृत्त्यांना दोन वेगळी उत्तरं आली, तर तुमचे कट बरोबर बसले आहेत.